पत्र्यावरचा पाऊस आणि वैशाखातली चूल: एका प्रसंगाच्या डबिंगचं प्रकरण

प्रसंग साधा होता. सिंधुदुर्गातल्या एका जुन्या चिरेबंदी घराचं स्वयंपाकघर. आई चुलीपाशी पाटावर बसलेली, मुलगा मुंबईला निघालेला, पिशवी खांद्याला लावून दाराच्या चौकटीला टेकलेला. दोघांचं मिळून दीडेक मिनिटाचं बोलणं, तेही मालवणीत. गोष्टीतला महिना वैशाखाचा, विहीर आटल्याचा उल्लेख याच प्रसंगात येतो.

शूटिंग मे महिन्याच्या शेवटी झालं. सकाळी मास्टर शॉट, म्हणजे लांबून घेतलेला पूर्ण प्रसंग, झाला, मग मुलाच्या बाजूचा क्लोजअप झाला. आईच्या क्लोजअपसाठी लाइट फिरवले आणि बाहेर पाऊस सुरू झाला. घरावर कौलं होती, पण मागच्या पडवीला पत्रा होता आणि पडवी चुलीच्या भिंतीला लागूनच. फ्रेममध्ये खिडकी नव्हती, त्यामुळे चित्रात पाऊस कुठेच दिसत नव्हता. घर दुसऱ्या दिवशी मिळणार नव्हतं. दिग्दर्शकाने शॉट घेतला, आणि त्या परिस्थितीत दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. पाऊस थांबल्यावर तिथेच, त्याच पाटावर बसवून आईची वाक्यं कॅमेऱ्याशिवाय नुसती रेकॉर्ड करून घेतली असती, तर पुढचं बरंचसं काम वाचलं असतं. पण पाऊस थांबेपर्यंत युनिटचं सामान गाडीत चढलं होतं.

डायलॉग एडिटर म्हणून माझ्याकडे प्रसंग आला तो असा: मुलगा बोलतो तेव्हा कोरडं, शांत घर, आई बोलते तेव्हा पत्र्यावर पाऊस. प्रत्येक कटला पाऊस चालू होतो आणि बंद होतो.

आधी एक प्रश्न येतोच, की हा आवाज सॉफ्टवेअरने काढून का टाकला नाही. पंख्याची किंवा ट्यूबलाइटची घरघर एका जागी बसलेली असते. आपल्याकडच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण आणि तिच्या पटी शोधून कापता येतात, बोलणं फारसं दुखावत नाही. पत्र्यावरचा पाऊस तसा नसतो. तो खालपासून वरपर्यंत सगळीकडे पसरलेला असतो, दर क्षणाला बदलतो, आणि ‘स’, ‘च’, ‘त’, ‘क’ यांसारखी व्यंजनं जिथे ऐकू येतात नेमक्या त्याच पट्ट्यात सगळ्यात दाट असतो. तो काढायला गेलं की व्यंजनंही जातात आणि उरलेला आवाज पाण्याखालून आल्यासारखा गुळगुळीत होतो. थोडा पाऊस कमी करून बाकीचा दोन्ही बाजूंना पसरून टाकणं हा नेहमीचा तोडगा आहे, पण इथे पटकथेतच पावसाला मनाई होती.

## डबिंगच्या आधी शोधाशोध

आईची एकूण नऊ वाक्यं होती. नऊच्या नऊ सरळ डबिंगच्या, म्हणजे बाईंकडून स्टुडिओत पुन्हा बोलवून घ्यायच्या, यादीत टाकणं सोपं होतं, पण मी तसं कधीच करत नाही. मूळ जागेवर, मूळ अवस्थेत बोललेलं वाक्य स्टुडिओत बनवलेल्या वाक्यापेक्षा बहुतेक वेळा सरसच निघतं. म्हणून आधी त्या दिवशीचे सगळे टेक ऐकायचे, वाया गेलेलेसुद्धा.

इथे लोकेशन रेकॉर्डिस्टची एक सवय कामी आली. मुलाचा क्लोजअप चालू असताना आई कॅमेऱ्याबाहेर बसून त्याला वाक्यं देत होती, आणि त्याने तिच्या पदरातला लेपल माइक काढला नव्हता. हे टेक पावसाच्या आधीचे, पूर्ण कोरडे. एडिटमध्ये आईची दोन वाक्यं मुलाच्या चेहऱ्यावर पडत होती, म्हणजे तिचे ओठ दिसतच नव्हते. ती दोन्ही लेपलवरून घेतली. लेपलचा आवाज छातीतून आल्यासारखा जड आणि फार जवळचा वाटतो, तो थोडा मागे ढकलावा लागला, पण घर तेच, बाई तीच, वेळही तीच. तिसरं वाक्य ती चुलीकडे वळून बोलते, गालाची कड तेवढी दिसते. ते मास्टर शॉटमधून उचललं.

राहिली सहा. त्यातलं शेवटचं वाक्य दिग्दर्शकाने हातच लावू दिलं नाही. त्याबद्दल शेवटी. म्हणजे डबिंगला उरली पाच.

या पाचांची यादी करताना मजकूर पटकथेतून उतरवायचा नाही, टेकमधून उतरवायचा. पटकथेत एक वाक्य होतं, ‘मामाक माझा काय सांगू नको.’ टेकमध्ये बाई बोलली होती, ‘मामाक माझा काय सांगू नको हां.’ तो ‘हां’ कागदावर नव्हता. तो सुटला असता तर स्टुडिओत वाक्य संपल्यावरही पडद्यावर तोंड उघडं राहिलं असतं, आणि आपण तासभर जुळवत बसलो असतो, की हे शेवटी का बसत नाही. श्वासही लिहून ठेवतो. कुठे आत ओढला, कुठे सोडला, कुठे फुंकणी खाली ठेवता ठेवता मध्येच नाकातून आला. ओठ हलण्याआधी खांदा वर जातो, आणि खांदा वर गेलेला दिसला की प्रेक्षकाला श्वास ऐकू यायला हवा असतो.

## आवाजाची ताकद

डबिंग फसलं की लोक म्हणतात ‘लिप सिंक नाही’. माझ्या मते निम्म्याहून जास्त वेळा ओठ बरोबर असतात आणि फसलेलं असतं ते घशातलं बळ.

पावसात बोलताना माणूस नकळत आवाज चढवतो. त्याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात. आवाज नुसता मोठा होत नाही, त्याचा पोतही बदलतो: स्वर लांबतात, पट्टी थोडी चढते, वरच्या पट्ट्यातली धार वाढते. चेहऱ्यावरही ते दिसतं. जबडा जास्त उघडतो, मानेच्या शिरा ताणतात. आमच्या क्लोजअपमध्ये बाई पत्र्यावरच्या पावसाशी झगडत बोलत होती. चित्र तेच राहणार होतं, पाऊस मात्र जाणार होता.

डबिंगच्या खोलीत याच्या उलट होतं. खोली ठार शांत असते, कानात हेडफोन असतो, माइक समोर असतो, म्हणून माणूस आवाज आपोआप उतरवतो. बाईंनी पहिलं वाक्य बोलून दाखवलं ते अगदी सुरेख होतं, ओठांवरही बसत होतं, आणि पडद्यावर लावलं तर कुणीतरी दुसरीच बाई भिंतीआडून बोलतेय असं वाटलं. चेहरा जोर लावतोय आणि आवाज कुजबुजतोय. आवाजाची पातळी वाढवून हे सुटत नाही. हळू बोललेलं वाक्य मोठं केलं की ते मोठ्याने ऐकू येणारं हळू बोलणं होतं, एवढंच.

आणि पावसातल्याइतका जोर पुन्हा लावला तर तेही चुकणार होतं, कारण आता घर शांत आहे आणि मुलगा चार हातांवर उभा आहे. मुलाच्या बाजूची वाक्यं तर खरोखरच शांत घरात बोललेली होती. म्हणजे मधली जागा शोधायला हवी होती: चेहऱ्याला खोटं ठरवणार नाही एवढा जोर आणि मुलाच्या आवाजाशेजारी ओरडल्यासारखा वाटणार नाही एवढा संयम.

ही जागा सूचना देऊन सापडत नाही. ‘थोडं मोठ्याने बोला’ म्हटलं की नट मोठ्याने बोलतो, पण ते मुद्दाम असतं. आम्ही दोन गोष्टी केल्या. एक, बाईंना उभं न ठेवता खाली बसवलं. स्टुडिओत नेहमी उभं राहून बोलतात, पण चुलीपाशी गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या बाईचा श्वास वेगळा असतो, पोट दबलेलं असतं, वाक्य लवकर संपतं. पाट मिळाला नाही, पण पायरीएवढं लाकडी ठोकळ्याचं बैठं सापडलं आणि तेवढ्याने काम झालं. दोन, हेडफोनमध्ये खोलीतल्या शांततेऐवजी हलका पाऊस सोडला, मूळच्यापेक्षा बराच कमी. कानात काहीतरी आहे म्हटल्यावर आवाज आपणहून चढला, आणि पाऊस कमी-जास्त करून आम्ही तो हवा तिथे आणला. आवाजाची ही कळ हेडफोनच्या बटणावर असते हे बाहेरच्याला खरं वाटत नाही.

यात एक धोका आहे. हेडफोनचा आवाज माइकमध्ये झिरपतो. ज्या पावसापासून पळत होतो तोच नव्या रेकॉर्डिंगमध्ये शिरला असता. म्हणून हेडफोन कान पूर्ण झाकणारा घेतला, एकाच कानावर ठेवला, आणि दुसऱ्या बाजूचा कप कानामागे डोक्याला घट्ट टेकवून त्यातला आवाज बंद केला. प्रत्येक टेकनंतर वाक्याच्या आधीचे दोन सेकंद मोठे करून ऐकले, पाऊस सापडतोय का बघायला.

एक गोष्ट मात्र कशानेच परत आणता आली नाही. त्या दिवशी चुलीचा धूर बाईंच्या घशात गेला होता. आवाजाला बारीकशी खरखर होती. काही महिन्यांनी, एसीच्या खोलीत, चहा घेऊन बसलेल्या बाईंच्या आवाजात ती नव्हती. वेळ सकाळची ठेवून थोडा फरक पडला, कारण सकाळी आवाज जडच असतो. बाकीची खरखर सोडून दिली. नटाला मुद्दाम घसा खरवडायला सांगणं मला पटत नाही. ते ऐकायला नाटकी लागतं आणि घसा बिघडतो तो वेगळाच.

## एक वाक्य, जवळून

‘मामाक माझा काय सांगू नको हां.’

डबिंगमध्ये ओठ जुळवायचे म्हणजे सगळी अक्षरं जुळवायची असं नाही. डोळ्याला सगळी अक्षरं दिसतच नाहीत. शाळेत घोकलेली वर्णमाला इथे थेट उपयोगी पडते. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण, यांत ओठ मिटतात, आणि मिटलेले ओठ उघडतात तो क्षण लांबूनही दिसतो. ‘व’मध्ये खालचा ओठ दातांना लागतो. उ, ऊ, ओ या स्वरांत ओठ गोल होतात. ‘आ’मध्ये जबडा पडतो. क, ग, ट, ण, ळ हे सगळं जिभेचं काम, तोंडाच्या आत चालतं, बाहेरून जवळजवळ काहीच कळत नाही.

आता हे वाक्य त्या नजरेने पाहा. पहिल्या दोन शब्दांत तीनदा ‘मा’ आहे: मा-मा-क मा-झा. तीनदा ओठ मिटतात, तीनदा उघडतात, क्लोजअपमध्ये, पडदाभर. ‘काय सां’ इथे जबडा उघडा आहे आणि बाकी काही बांधून ठेवणारं नाही. मग ‘गू’ला ओठ गोल होतात, ‘को’ला पुन्हा गोल होतात, आणि ‘हां’ला तोंड उघडून तसंच राहतं. म्हणजे हे तीन ‘मा’ खिळ्यासारखे पक्के हवेत. मधला भाग थोडा मागेपुढे झाला तरी चालेल. ‘गू’ आणि ‘को’ जवळपास असले की पुरे.

किती मागेपुढे चालतं? चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण ४२ मिलिसेकंदांची. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रसारणासाठीच्या शिफारशीत दिलं आहे, की आवाज चित्राच्या साधारण ४५ मिलिसेकंद आधी आला तर माणसाला ते जाणवायला लागतं, पण उशिरा आला तर १२५ मिलिसेकंदांपर्यंत खपून जातं. हा एकांगीपणा स्वाभाविक आहे. लांबच्या माणसाचा आवाज आपल्यापर्यंत उशिरा पोहोचतो हे कान जन्मभर अनुभवत आलेला असतो. ओठ उघडण्याआधी आवाज मात्र निसर्गात कधीच येत नाही. त्यामुळे शंका असेल तेव्हा मी वाक्य अर्धी फ्रेम मागे ठेवतो, पुढे कधीच नाही. अर्थात ते आकडे सर्वसाधारण बोलण्याचे आहेत. पडदाभर चेहरा आणि लागोपाठ तीन ‘म’ असताना दोन फ्रेमचा उशीरसुद्धा मला खुपतो.

रेकॉर्डिंगची नेहमीची पद्धत म्हणजे तीन बीप. सारख्या अंतराने तीन टोले वाजतात आणि जिथे चौथा वाजला असता तिथे वाक्य सुरू करायचं. पडद्यावर एक उभी रेघ सरकत येते, ती कडेला पोहोचली की बोलायचं, ही त्याचीच डोळ्यांसाठीची सोय. बाईंना यातलं काहीच मानवलं नाही. रंगभूमीवर मुरलेल्या माणसाला टोला ऐकून बोलणं म्हणजे शाळेतली कवायत वाटते, आणि बीपची वाट बघताना पहिलं अक्षर नेहमी टणक येतं. ‘मामाक’ची सुरुवात प्रत्येक वेळी आदळत होती.

मग पडदाच बंद केला. पायलट ट्रॅकवरचं, म्हणजे शूटिंगच्या वेळचं, तिचंच वाक्य तिला ऐकवायचं आणि थांबलं की तिने लगेच म्हणायचं. पुन्हा ऐकवायचं, पुन्हा म्हणायचं. चित्र नाही, टोला नाही, नुसतं कानाने पकडून. आपल्याच बोलण्याची लय माणूस फार पटकन उचलतो, आणि लय बरोबर आली की ओठ बहुतेक आपोआप बरोबर येतात. पाचातली चार वाक्यं याच पद्धतीने झाली. पाचवं लांब होतं, मध्ये बाई भाकरी उलटते, तिथे हात बघितल्याशिवाय थांबा येत नव्हता. ते चित्र लावून घेतलं.

निवडलेला टेक पायलटखाली ठेवून जुळवताना पहिल्या दोन ‘मा’ बरोबर बसल्या, तिसरी जवळजवळ तीन फ्रेम लवकर आली. ‘मामाक’ आणि ‘माझा’ यांच्यामधला ‘क’ इथे उपयोगी पडला. ‘क’ म्हणताना जीभ टाळ्याला टेकते तेव्हा क्षणभर आवाज पूर्ण बंद होतो. ती बंद जागा कापून उघडली, पुढचं वाक्य मागे सरकवलं, आणि मध्ये खोलीची शांतता भरली. तिथे शिवण आहे हे शोधूनही सापडत नाही. स्वर ताणूनही हेच करता आलं असतं, पण ‘मा’तला ‘आ’ ताणला की ऐकणाऱ्याला तो ताण कळतो. थोडासा, शेकडा पाच-सहापर्यंत ताणलेला स्वर खपतो, त्यापुढे आवाज रबरासारखा लागतो. आपोआप जुळवून देणारी सॉफ्टवेअर असतात, बऱ्याच कामांत मी ती वापरतो. इथे ती गोंधळली. त्यांना जुळवायला स्वच्छ पायलट लागतो, आणि आमच्या पायलटमध्ये पत्र्यावर पडणारा प्रत्येक मोठा थेंब त्यांना व्यंजनासारखा दिसत होता.

जुळवण्याआधी मात्र एक गोष्ट तपासून घ्यायची असते, ती म्हणजे स्टुडिओतला टीव्ही. आजचे मोठे टीव्ही आणि प्रोजेक्टर चित्र दाखवण्याआधी त्यावर प्रक्रिया करतात आणि एक-दोन फ्रेम, कधी त्याहून जास्त, उशिरा दाखवतात. अशा पडद्यावर बघून जुळवलेलं वाक्य मिक्सिंग थिएटरात तेवढंच उशिरा पडतं. तपासणी सोपी आहे. टेकच्या सुरुवातीची क्लॅप लावायची. पाटीच्या फळ्या मिटलेल्या दिसतात त्याच क्षणी टक् ऐकू यायला हवं. नसेल तर डबिंगला हात न लावता आधी यंत्रातला फरक भरून काढायचा.

## खोली

आता राहिलं घर. डबिंगच्या खोलीत भिंती आवाज पिऊन टाकतात, म्हणून तिथलं बोलणं नागडं येतं. त्याला खोली द्यावी लागते, आणि खोली नंतर देता येते. पण स्टुडिओची स्वतःची खोली एकदा त्यात शिरली की काढता येत नाही. त्यामुळे कागद ठेवायचा लोखंडी स्टँड बाईंसमोरून हटवला. तोंडाजवळच्या अशा सपाट पत्र्यावरून आवाज परततो आणि सूक्ष्म डब्यासारखा रंग चढवतो. माइक लोकेशनवर होता तोच मॉडेल, सेनहायझरचा एमकेएच ५०, आणि अंतरही तेच: डोक्याच्या वरून, पुढून, तोंडापासून साधारण ६० सेंटिमीटरवर. डबिंगला माइक तोंडाशी घेतला की आवाज भरदार लागतो आणि सगळे खूश होतात. एका दिशेचं ऐकणारे माइक जवळ आले की खर्ज फुगवतात, तो हा भरदारपणा. मूळ टेकमध्ये तो नव्हता, मुलाच्या वाक्यांतही नव्हता.

मग घर कसं आणायचं? आदर्श म्हणजे लोकेशनवर स्पीकरमधून खालच्या पट्टीपासून वरच्यापर्यंत सरकत जाणारा सूर वाजवून घराचा प्रतिसाद टिपून आणणं. त्यावरून रिव्हर्ब, म्हणजे खोलीचा कृत्रिम गुंजारव, तयार करता येतो. ते कुणी केलं नव्हतं. रूम टोन, म्हणजे कुणीच बोलत नसतानाचा घराचा आवाज, मात्र मिनिटभर होता, आणि क्लॅप होती.

क्लॅपकडे लोक सिंकसाठी बघतात आणि विसरून जातात. पण विचार करा: क्लोजअपमध्ये पाटी नटाच्या चेहऱ्यासमोर धरतात. म्हणजे तोंड जिथे असणार जवळजवळ तिथूनच एक कोरडा फटका त्याच खोलीत, त्याच बूमवर, म्हणजे काठीला लावून डोक्यावर धरलेल्या माइकवर, त्याच अंतरावरून रेकॉर्ड झालेला असतो. पाऊस होता, पण फटका पावसापेक्षा कितीतरी मोठा, आणि त्याचे पहिले काही क्षण स्वच्छ दिसत होते. फटक्यानंतर ४ ते ५ मिलिसेकंदांवर एक ठळक उसळी, मग बारीक बारीक, आणि सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत सगळं शांत.

ती पहिली उसळी कुठून आली याचा हिशेब जुळतो. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ५ मिलिसेकंदांत १.७ मीटर. तोंडातून सरळ बूमकडे ६० सेंटिमीटर, आणि मागच्या चिऱ्याच्या भिंतीवर आपटून बूमकडे सव्वादोन मीटरच्या वर. फरक तेवढाच. खाली सारवलेली जमीन आहे, ती दिसायला मऊ पण आवाजाला बऱ्यापैकी कडक, आणि बाई जमिनीलगत बसलेली असल्याने तिकडूनही जवळपास तेव्हाच आवाज परततो. घराचा हा खरा शिक्का आहे. वरती माळा नाही, कौलांच्या फटींतून आवाज बाहेर निघून जातो, म्हणून लांबणारा गुंजारव नाहीच.

सगळ्या तयार ‘स्मॉल रूम’ रिव्हर्बची अडचण इथे कळते. त्यात शेपूट असते आणि पहिल्या उसळ्या भलत्याच जागी असतात. ऐकायला खोली वाटते, पण ती बाथरूम वाटते किंवा क्लासरूम. मी स्टुडिओत तीच लाकडी पाटी आणून, माइकपासून तेवढ्याच अंतरावर वाजवून घेतली. ही झाली खोलीविना क्लॅप. तिच्यावर ४ आणि ५ मिलिसेकंदांच्या दोन बोथट उसळ्या आणि अगदी आखूड शेपूट लावून ती लोकेशनच्या क्लॅपसारखी ऐकू येईपर्यंत फिरवत बसलो. लोकेशनची क्लॅप थेट रिव्हर्बचा साचा म्हणून वापरायचा मोह होतो. ते करू नये, कारण लाकडाच्या फटक्यात खर्ज फारच कमी असतो आणि त्या साच्यातून गेलेला आवाज टिनपाट होतो. तिचा उपयोग मोजपट्टी म्हणून. दोन्ही क्लॅप एकापाठोपाठ वाजवून फरक कळेना, तेव्हा तीच मांडणी बाईंच्या वाक्यांवर टाकली.

ती मांडणी मोनो ठेवली. शूटिंगचा बूम एकच असतो, संवाद पडद्याच्या मधल्या स्पीकरमधून येतो, आणि खोलीची उसळीही त्याच्याबरोबर तिथूनच येते. डबिंगचा रिव्हर्ब डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये पसरला, तर मुलगा बोलताना घर मध्ये आणि आई बोलताना घर रुंद, असं दर कटला होतं. थिएटरात हे चटकन पकडलं जातं, स्टुडिओच्या हेडफोनवर मात्र छान वाटतं.

यानंतरचं काम म्हणजे रिकाम्या जागा भरणं. आईच्या बाजूचा मूळ ट्रॅक काढला की तिच्या आवाजाबरोबर सगळंच गेलं: काचेच्या बांगड्या, तव्यावरची भाकरी, लाकडाचं तडतडणं, पदराची सळसळ. नुसता रिव्हर्ब लावलेला आवाज त्या पोकळीत लटकतो आणि कान म्हणतो, डबिंग. रूम टोन दोन्ही बाजूंखाली सलग घातला. तोही नीट निवडून, कारण दुपारचे कीटक सकाळच्या शॉटमध्ये नव्हते. बांगड्या फोली आर्टिस्टने, म्हणजे चित्र बघून असे बारीक आवाज स्टुडिओत करून देणाऱ्याने, भरल्या. ‘सांगू नको’ म्हणताना बाई हात झटकते, तिथल्या चार बांगड्यांच्या किणकिणीने जेवढं वाक्य खरं वाटलं तेवढं माझ्या कुठल्याही बटणाने वाटलं नव्हतं.

पारख करताना डोळे मिटून आधी कट ऐकायचे: मुलगा, आई, मुलगा. दर कटला खोली बदलते का एवढंच बघायचं. मग आवाज अगदी कमी करून ऐकायचं, कारण कमी आवाजात खर्ज आणि खोली आधी हरवते आणि डबिंगचं वाक्य पुढे येऊन उभं राहतं. आमची दोन वाक्यं अशी पुढे आली. दोन्हींत २०० हर्ट्झच्या आसपासचा थोडा फुगवटा कमी केला आणि वरची धार किंचित घासली. चित्र सगळ्यात शेवटी लावायचं. चित्र लागलं की डोळा कानाला पटवायला लागतो आणि चुका झाकतो.

जुन्या मराठी-हिंदी चित्रपटांत पूर्ण सिनेमा डब व्हायचा, कॅमेऱ्याची घरघर एवढी असायची की दुसरा इलाजच नव्हता. तेव्हा हा प्रश्न अशा रूपात नव्हता. सगळीच माणसं सारख्याच कोरड्या खोलीत बोलत, कानाला तुलना करायला काही नसायचं. आज बहुतेक संवाद लोकेशनचे आणि मध्येच पाच वाक्यं स्टुडिओतली, हेच अवघड.

## नववं वाक्य

शेवटचं वाक्य होतं ‘जा आता, गाडी चुकात.’ ‘गाडी’वर बाईंचा आवाज फाटतो. तो अभिनय होता की धुराने झालं, बाईंनाही सांगता येईना. त्यांनी स्टुडिओत ते पुन्हा करून बघितलं, चांगलं केलं, आणि स्वतःच म्हणाल्या, ‘ह्या लावू नका.’ दिग्दर्शकाचंही तेच मत.

म्हणजे पाऊस असलेलं मूळ वाक्य ठेवायचं होतं, पाऊस न ऐकवता. पाऊस थोडा कमी केला, व्यंजनं दुखणार नाहीत इतकाच. उरलेल्याला दुसरं नाव द्यायचं ठरलं. फ्रेममध्ये चुलीवर भाताचं आधण आहे आणि झाकणाखालून वाफ येताना दिसते. पेज उतू जाऊन विस्तवावर पडते तेव्हा जो चरचर आवाज होतो, तो पत्र्यावरच्या पावसाच्या फार जवळचा आहे. तो आवाज फोलीत वेगळा रेकॉर्ड केला.

तो फक्त त्या वाक्याखाली घातला असता तर पाऊसच वाटला असता. म्हणून तो दोन कट आधी, मुलाच्या चेहऱ्यावर सुरू केला, हळू. मुलगा बोलत असताना भात उतू जायला लागतो, आईच्या क्लोजअपवर कट होईपर्यंत चरचर भरात येते, पाऊस तिच्यात मिसळून जातो, आणि वाक्य संपल्यावर दीड सेकंदाने ती ओसरते. वाक्य संपताच आई खरोखरच झाकण काढायला हात पुढे करते. हे शूटिंगला ठरवलेलं नव्हतं, पाऊस असो नसो, तिने केलेली ती हालचाल होती. झाकण बाजूला ठेवल्याचा एक खणका फोलीतून घेतला आणि चरचर तिथेच कापली.

मिक्सिंगला दिग्दर्शकाने एकच बदल सांगितला: चरचर अजून थोडी कमी.